मनगटावरील नकली यंत्रे : बक्कल, पिना, पडद्याची कड आणि खोका

मनगटावर बांधण्याचे स्मार्ट घड्याळ आणि व्यायामपट्टा ही यंत्रे आता तालुक्याच्या बाजारपेठेत, आठवडे बाजारातील पालांवर आणि मोबाईल दुरुस्तीच्या टपऱ्यांवरही विकावयास दिसतात. पावले मोजणे, नाडीचे ठोके दाखविणे, झोपेची नोंद ठेवणे अशी कामे ती करतात. शाळांच्या क्रीडास्पर्धांत बक्षीस म्हणून, निवृत्तीच्या समारंभात भेट म्हणून आणि घरातील वृद्धांच्या प्रकृतीवर लक्ष ठेवावे या हेतूने त्यांची खरेदी होते. या मालात नकली मालाची भर मोठी आहे. तो ओळखण्याच्या काही खुणा अशा आहेत की, त्यांसाठी कोणतेही यंत्र उघडावे लागत नाही. शाळेच्या प्रयोगशाळेतील भिंग आणि लोहचुंबक एवढी सामग्री त्यासाठी पुरेशी होते.

प्रथम नकली कशास म्हणावयाचे हे स्पष्ट केले पाहिजे, कारण येथेच पुष्कळांचा गोंधळ होतो. बाजारात तीन प्रकारचा माल असतो. पहिला, एखाद्या कमी परिचित उत्पादकाने स्वतःच्या नावाने विकलेला स्वस्त माल. तो साधा असेल, पण नकली नव्हे. दुसरा, प्रसिद्ध घड्याळाचा आकार उचललेला, परंतु स्वतःचे वेगळे नाव धारण करणारा माल. ही नक्कल खरी, पण घेणाऱ्यास निदान आपण काय घेतो ते वाचता येते. तिसऱ्या प्रकारात दुसऱ्याचे नाव, बोधचिन्ह आणि खोका यांसह माल विकला जातो. ग्राहकाची फसवणूक प्रामुख्याने येथे होते आणि व्यापारचिन्ह अधिनियम, १९९९ चा रोखही मुख्यतः या तिसऱ्या प्रकारावर आहे.

या लेखात मुख्यतः एकाच घड्याळाचा विचार केला आहे. ॲपल कंपनीचे ‘वॉच अल्ट्रा’ हे घड्याळ सप्टेंबर २०२२ मध्ये आले. ४९ मिलिमीटरचा कोश, तो टायटेनियम धातूचा, वर सपाट नीलमणी काच आणि भारतातील त्यावेळची किंमत ८९,९०० रुपये. ठसठशीत आकार आणि न परवडणारी किंमत यांमुळे त्याच्या नकला फार झाल्या. दीड-दोन हजारांना मिळणारी नक्कल घेणारा बहुधा फसलेला नसतो; आपण काय घेतो हे त्यास ठाऊक असते. खरा धोका आहे तो पंचवीस ते चाळीस हजारांच्या दरम्यान. ‘परदेशातून आणलेले’, ‘सहा महिने वापरलेले’, ‘भेट मिळाले, पण मला नको’ अशा सबबींखाली या किमतीत जे घड्याळ पुढे केले जाते, ते खरे असू शकते आणि नकलीही असू शकते. पारख लागते ती तेथे.

पारख करताना एक गोष्ट सतत ध्यानात ठेवावी लागते. पुढे येणाऱ्या बहुतेक खुणा दोष सिद्ध करणाऱ्या आहेत. निर्दोषत्व सिद्ध करणाऱ्या नाहीत. खूण चुकली तर माल बहुधा नकली. खूण जुळली तर मात्र एवढेच म्हणता येते की, या एका बाबतीत नक्कल पकडली गेली नाही.

चार्जिंगच्या पिना

घड्याळ पालथे करावे. अल्ट्राच्या पाठीवर मध्यभागी काच व सिरॅमिक यांचा किंचित फुगीर, गुळगुळीत भाग असतो व त्याखाली नाडी मोजणारे दिवे दिसतात. तेथे धातूचा एकही उघडा ठिपका नसतो. ॲपलच्या मनगटी घड्याळास विद्युत्‌भार देण्याची रीत अगदी प्रारंभापासून चुंबकीय चकतीची आहे. चकती पाठीस चिकटते, आतील वेटोळ्यांतून ऊर्जा पोहोचते, धातूला धातू लागत नाही. म्हणून ज्या ‘अल्ट्रा’च्या पाठीवर दोन पिवळसर धातूचे ठिपके शेजारी शेजारी दिसतात, त्याविषयी अधिक तपासणीची गरजच राहत नाही.

तथापि अलीकडच्या अनेक नकलांत हे ठिपके नसतात. त्यांतही वेटोळे बसविलेले असते आणि सोबत पांढरी चकतीही मिळते. येथे चकतीच्या तारेकडे पाहावे. अल्ट्रासोबत मिळणारी तार कापडी विणीच्या आवरणाची असून तिच्या टोकास लहान, लंबगोल, दोन्ही बाजूंनी बसणारे यूएसबी-सी जोडणीचे तोंड असते. नकली खोक्यात पुष्कळदा गुळगुळीत प्लॅस्टिकची तार आणि टोकास जुने, रुंद, आयताकृती यूएसबी तोंड आढळते. अर्थात वापरलेल्या घड्याळाची मूळ तार हरवून दुसरी आलेली असू शकते, म्हणून केवळ तारेवरून निकाल देऊ नये. विक्रेत्याची तार बाजूस ठेवून, ज्याच्याकडे खरे घड्याळ आहे अशा व्यक्तीच्या चकतीवर ते ठेवून पाहावे. भार घेण्यास ते नाकारत असेल, तर संशय पक्का होतो.

व्यायामपट्ट्यांची गोष्ट वेगळी. त्यांत उघड्या पिना असणे हीच सर्वसाधारण रीत आहे. तेव्हा पिना आहेत की नाहीत हा प्रश्न नसून त्या कोठे आहेत आणि कशा आहेत हा प्रश्न असतो. शाओमी कंपनीचा ‘मी बँड ४’ भारतात २०१९ मध्ये आला. त्याची मधली गोळी पट्ट्यातून काढून एका लहान खाचेत बसवावी लागे व गोळीच्या पाठीवरील दोन ठिपके त्या खाचेतील दोन पिनांवर टेकत. २०२० च्या ‘मी बँड ५’ पासून गोळी काढण्याचे कारण उरले नाही. दोन पिनांचे चुंबकीय तोंड पाठीस थेट चिकटू लागले. ज्या ‘मी बँड’च्या पट्ट्याचा अर्धा भाग ओढताच गोळीच्या पोटातून यूएसबीचे चपटे तोंड बाहेर येते आणि जो सरळ चार्जरमध्ये खोचता येतो, तो या दोहोंपैकी कोणताच नव्हे, मग खोक्यावर काहीही छापलेले असो. इतर उत्पादकांच्या पट्ट्यांबाबतही हीच रीत वापरावी : उत्पादकाच्या संकेतस्थळावर त्या नमुन्याच्या पाठीचे छायाचित्र असते, त्यातील ठिपक्यांची संख्या, जागा व अंतर हातातील वस्तूशी ताडून पाहावे. आकार, रंग, बोधचिन्ह यांची नक्कल करणे सोपे असते. परंतु ठिपक्यांची जागा आतील मंडलपट्टीवर ठरलेली असते, आणि नकली माल बनविणारा बाजारात तयार मिळणारी मंडलपट्टी घेऊन तिच्यावर कोश चढवितो. त्यामुळे बाहेरून हुबेहूब असणारी वस्तू पाठीवर उघडी पडते.

वापरलेल्या पट्ट्याच्या पिनांचा रंगही बोलका असतो. चांगल्या पिनांवर सोन्याचा मुलामा असतो आणि घामाचा त्यावर सहसा परिणाम होत नाही. निकृष्ट मालात हा मुलामा नाममात्र असतो. शिवाय स्वस्त मंडलात बॅटरीचा दाब पिनांपर्यंत पोहोचण्यापासून रोखलेला नसेल, तर खारट घाम दोन पिनांमध्ये विद्युत्‌विघटन घडवितो आणि थोड्या आठवड्यांत एक पीन हिरवट किंवा काळी पडते. काही वेळा तेथील त्वचेवर भाजल्यासारखा व्रणही उठतो. अशा पट्ट्याचे चुंबकीय तोंड चार्जरला जोडलेले असताना ते किल्ल्यांच्या जुडग्यावर किंवा लोखंडी कपाटावर पडू देऊ नये. चुंबकामुळे ते तेथे घट्ट चिकटते, पिनांवर पाच व्होल्टचा दाब असतो, आणि संरक्षक मंडल नसल्यास तार तापते.

पडद्याभोवतीची कड

पडदा पेटलेला असताना चित्र आणि काचेची कड यांमध्ये जी काळी पट्टी राहते, ती नकली मालाला सहजासहजी साधत नाही. खऱ्या अल्ट्रामध्ये ही पट्टी चारही बाजूंस बारीक आणि एकसारखी असते आणि कोपऱ्यांत चित्राची गोलाई काचेच्या गोलाईशी समांतर जाते. काचेभोवती टायटेनियमची कड किंचित उंच येऊन काचेच्या काठाचे रक्षण करते. नकली घड्याळात पडदा तयार मापाचा घ्यावा लागतो व तो क्वचितच कोशात पूर्ण भरतो. परिणामी चित्र आत आखडलेले दिसते, खालची पट्टी वरच्यापेक्षा रुंद असते, किंवा कोपरे काटकोनाकडे झुकतात.

विक्रेत्यासही हे ठाऊक असते. म्हणून दुकानात घड्याळावर काळ्या पार्श्वभूमीची तबकडी लावलेली असते. काळ्या चित्रात काळी पट्टी विरून जाते. यावर उपाय सोपा आहे. घड्याळातील विजेरीची सोय सुरू करावी. तिने सबंध पडदा पांढरा होतो आणि पट्टीची खरी रुंदी चारही बाजूंनी उघड होते. त्यानंतर खोलीत अंधार करून उलट परीक्षा करावी. काळी तबकडी लावून पडदा पेटविला असता खऱ्या घड्याळातील काळा भाग पूर्ण काळा राहतो, कारण त्या पडद्यातील प्रत्येक कण स्वतः प्रकाशतो व काळ्या जागी तो विझलेला असतो. स्वस्त मालात द्रवस्फटिकाचा पडदा असून त्यामागे सतत दिवा जळत असतो. त्यामुळे अंधारात ‘काळा’ भाग राखी दिसतो आणि त्या राखी चौकोनाबाहेरची खरी काळी पट्टी वेगळी उठून दिसते. ‘मी बँड ४’ च्या नकलांत ही खूण फार उपयोगी पडली, कारण मूळ पट्ट्याचा पडदा स्वयंप्रकाशी होता आणि नकलांत बहुधा द्रवस्फटिकाचा असे. महागड्या नकलांत आता स्वयंप्रकाशी पडदेही येऊ लागले आहेत. त्यांच्यापुढे अंधाराची परीक्षा थिटी पडते, पांढऱ्या पडद्याची मात्र टिकते.

काच व धातूची कड यांच्या सांध्यावरून नख फिरवून पाहण्याची जुन्या घड्याळजींची पद्धतही येथे कामी येते. सांधा सर्वत्र सारखा लागला पाहिजे. एखाद्या बाजूस नख अडकते, दुसऱ्या बाजूस गोंदाची रेघ जाणवते, असे असेल तर काच नंतर बसविलेली आहे. मात्र खऱ्या घड्याळाची फुटलेली काच बाहेर बदलून घेतली असेल तरीही असेच होते, हे लक्षात ठेवून विक्रेत्यास तसे विचारावे.

पट्टा आणि त्याचे बक्कल

पट्ट्यावरून घड्याळाची पारख करणे धोक्याचे आहे, कारण पट्टा बदलता येतो. खऱ्या घड्याळाला दोनशे रुपयांचा पट्टा लावणारे असंख्य आहेत, आणि नकली घड्याळाला खरा पट्टा लावून विकणारेही विरळ नाहीत. तरीदेखील विक्रेता ‘सर्व मूळ आहे’ असे सांगत असेल, तर त्याच्या सांगण्याची परीक्षा पट्ट्यावर होते.

अल्ट्रासोबत येणाऱ्या पट्ट्यांपैकी ‘अल्पाइन लूप’ हा कापडी पट्टा सर्वांत जास्त नक्कल झालेल्यांपैकी आहे. त्यावर कापडाचे फासे ओळीने उभे असतात व इंग्रजी ‘जी’ अक्षरासारखा धातूचा हूक त्यांपैकी एकात अडकतो. मूळ पट्ट्यात कापडाचे दोन थर एकाच अखंड विणीत गुंफलेले असतात. फासे शिवलेले नसतात. नकली पट्ट्यात दोन पट्ट्या एकमेकींवर ठेवून मध्ये मध्ये शिवण घातलेली असते. भिंगाखाली टाक्याचे भोक व धाग्याची गाठ स्पष्ट दिसते. भिंग नसेल तर फासा बोटाने मागे वाकवून त्याच्या बुडाशी पाहावे.

हूक टायटेनियमचा असतो. टायटेनियम लोहचुंबकाकडे ओढले जात नाही. म्हणून चुंबक लावताच हूक चिकटला, तर तो पोलादाचा आहे, एवढे निश्चित झाले. न चिकटल्यास मात्र काहीच निश्चित होत नाही, कारण नकली माल ज्या जस्ताच्या मिश्रधातूत ओततात तोही चुंबकाला दाद देत नाही. ओतीव धातू ओळखण्याची खूण निराळी. साच्याचे दोन भाग जेथे जुळतात तेथे बक्कलाच्या कडेने केसाएवढी उंच रेघ राहते, आणि जेथे पट्टा घासतो त्या कोपऱ्यावरील मुलामा आधी उडून खालचा निस्तेज राखी धातू उघडा पडतो. घनधातू कोरून केलेल्या बक्कलात ओरखडा पडला तरी ओरखड्याच्या तळाचा रंग वरच्यासारखाच असतो.

पट्टा कोशात कसा बसतो तेही पाहावे. मूळ पट्टा बाजूने सरकत जाऊन ठिकाणी येताच ‘टक्‌’ असा बारीक आवाज होतो, आणि पाठीवरील कळ दाबल्याशिवाय तो निघत नाही. नकली कोशात तो खुळखुळतो, एका बाजूस फट दिसते किंवा जोर लावताच कळ न दाबताही सरकतो. रबरी पट्ट्यांबाबत हाताची जाणीव बरेच सांगून जाते. मूळ पट्टे फ्लुओरोइलॅस्टोमर या दाट, जड रबराचे असतात. नकली बहुधा हलक्या सिलिकोनचे. सिलिकोनचा पट्टा खिशात ठेवून काढला की, त्यावर कापसाची कुसे चिकटून येतात.

खोक्यावरील छपाई

खोके हे अनेकांस सर्वांत विश्वसनीय वाटते. वस्तुतः नक्कल करण्यास तेच सर्वांत सोपे आहे. तथापि छपाईच्या तंत्रात एक गोष्ट अशी आहे की, जिच्यामुळे घाईने केलेली नक्कल उघडी पडते.

वर्तमानपत्रातील छायाचित्र भिंगाखाली धरले असता ते ठिपक्यांचे बनलेले दिसते, हे शिक्षकांनी वर्गात दाखविलेले असेल. छायाचित्र छापण्यासाठी ते ठिपक्यांत फोडावेच लागते. अक्षरांचे तसे नाही. मूळ उत्पादकाजवळ अक्षरांची मूळ आखणी असते. त्यामुळे त्याच्या खोक्यावरील लहानातले लहान अक्षर एकाच शाईत, सलग आणि धारदार काठाचे उतरते. नक्कल करणारा छापील खोकाच यंत्राखाली ठेवून त्याची प्रत घेतो. त्याच्या दृष्टीने अक्षरेही चित्रच ठरतात आणि चार रंगांच्या ठिपक्यांत फुटतात. दहापट मोठे दाखविणाऱ्या भिंगाखाली अशा अक्षराच्या काठावर निळे, गुलाबी, पिवळे ठिपके दिसतात आणि काठ दातेरी असतो. ही परीक्षा मोठ्या नावावर करू नये. ते पुन्हा आखून घेणे नकलाकारास जमते. खोक्याच्या तळाची किंवा मागची सर्वांत बारीक अक्षरे निवडावीत. तेथेच शुद्धलेखनाच्या चुका आणि शब्दांतील विषम अंतरही सापडते.

भारतात अधिकृतपणे आयात होऊन विकल्या जाणाऱ्या मालाच्या खोक्यावर काही माहिती असणे वैधमापन नियमांनुसार, म्हणजे २०११ च्या आवेष्टित वस्तूंच्या नियमांनुसार, आवश्यक आहे. आयातदाराचे नाव व पत्ता, मूळ देश, महिना व वर्ष, सर्व करांसह कमाल किरकोळ किंमत आणि तक्रारीसाठी संपर्क, ही त्यांतील मुख्य होत. शिवाय स्मार्ट घड्याळे ही भारतीय मानक ब्यूरोच्या सक्तीच्या नोंदणीखाली येतात. त्यामुळे ब्यूरोच्या चिन्हासोबत R- ने सुरू होणारा आठ अंकी नोंदणी क्रमांक असतो. BIS Care या भ्रमणध्वनी ॲपमध्ये तो टाकला असता नोंदणी कोणाच्या नावावर व कोणत्या वस्तूसाठी आहे ते कळते. क्रमांक चोरलेला असू शकतो, म्हणून ‘क्रमांक सापडला’ एवढ्यावर थांबू नये. निघालेले नाव आणि वस्तू खोक्याशी जुळतात काय ते वाचावे. परदेशातून कोणी स्वतःसाठी आणलेल्या खऱ्या घड्याळावर आयातदाराची चिठ्ठी नसते, ही या परीक्षेची मर्यादा होय.

खोक्यावरील रेषांकित संकेताविषयी एक गैरसमज दूर करणे जरूर आहे. ८९० ने सुरू होणारा संकेत म्हणजे माल भारतात बनला, असे सांगितले जाते. ते खरे नव्हे. त्या अंकांवरून संकेताची नोंदणी कोणत्या देशाच्या संस्थेकडे झाली एवढेच कळते. आणि संपूर्ण संकेत खऱ्या खोक्यावरून उतरवून घेण्यास काहीच अडचण नसते.

ग्रामपंचायत किंवा शाळा जेव्हा पंधरा-वीस पट्टे एकदम घेते, तेव्हा मात्र एक फार सोयीची तपासणी उपलब्ध होते. प्रत्येक नगाचा अनुक्रमांक स्वतंत्र असला पाहिजे. सर्व खोकी ओळीने मांडून अनुक्रमांक वाचावेत. दोन खोक्यांवर एकच क्रमांक निघाला तर सबंध माल स्वीकारण्याचे थांबवून पुरवठादारास लेखी कळवावे. खरेदी-समितीच्या नोंदवहीत वस्तूच्या नावासमोर अनुक्रमांक लिहून घेण्याची पद्धत ठेवल्यास ही तपासणी आपोआपच घडते.

एक उदाहरण

समजा, एका माध्यमिक शिक्षकांस ओळखीच्या माणसामार्फत अल्ट्रा घड्याळ ३८,००० रुपयांना देऊ करण्यात आले आहे. घड्याळ सहा महिने वापरलेले, खोका सोबत, खरेदीची पावती मात्र नाही. पाठीवर पिना नाहीत, चकतीवर ते भार घेते. विजेरी लावल्यावर खालची पट्टी किंचित रुंद वाटते, पण मोजण्यासारखा फरक नाही. पट्टा अल्पाइन लूप आहे. फाशांच्या बुडाशी टाके दिसतात. विक्रेता म्हणतो, मूळ पट्टा मळला म्हणून बदलला. हे अशक्य नाही. खोक्यावरील बारीक अक्षरे भिंगाखाली स्वच्छ आहेत.

मग शिक्षक खोक्यावरील अनुक्रमांक checkcoverage.apple.com येथे टाकून पाहतात. क्रमांक खरा निघतो, नमुनाही ‘अल्ट्रा’च. येथे बहुतेकजण पैसे मोजतात, आणि येथेच चूक होते. कोणत्याही खऱ्या घड्याळाच्या खोक्याचे छायाचित्र मिळाले की, हा क्रमांक हवा तितक्या खोक्यांवर छापता येतो. म्हणून क्रमांक तीन ठिकाणी जुळवावा लागतो : खोक्यावर, संकेतस्थळावर आणि घड्याळाच्या आत Settings, तेथून General, तेथून About या पानावर. समजा, त्या पानावरही तोच क्रमांक आहे. नकलाकार आज्ञावलीतही तो भरू शकतो.

आता उरते ती एकच परीक्षा, आणि निर्णय ती देते. ॲपलचे मनगटी घड्याळ आयफोनशीच जोडले जाते. अँड्रॉइड प्रणालीच्या फोनशी त्याची जोडणी होत नाही. शिक्षक शाळेतील सहकाऱ्याचा आयफोन मागून घेतात, त्यातील Watch हे ॲप उघडतात आणि जोडणी करून दाखविण्यास सांगतात. विक्रेता म्हणतो, ‘सर, यासाठी वेगळे ॲप आहे. ते कोणत्याही फोनवर चालते.’ हे त्याने गुण म्हणून सांगितले. पण त्याच वाक्याने घड्याळ नकली ठरले. टाके आणि रुंद पट्टी यांचा अर्थही आता लागला.

या क्रमात शेवटची परीक्षा आधीच का केली नाही, असे कोणी विचारील. फोन जवळ असेल तर ती आधीच करावी. पण बाजारात उभे असताना तो सहसा नसतो, आणि टाके, पिना, पट्टी या खुणा पाहण्यास दोन मिनिटे पुरतात.

आकडे कोठून येतात

नकली यंत्राने पैसे जातात, ही हानी भरून येणारी आहे. त्याच्या आकड्यांवर विसंबल्याने होणारी हानी तशी नव्हे. खऱ्या अल्ट्रामध्ये हृदयाचा विद्युत्‌आलेख घेण्यासाठी दुसऱ्या हाताचे बोट बाजूच्या फिरत्या कळीवर तीस सेकंद टेकवावे लागते, कारण आलेखासाठी हृदयाच्या दोन बाजूंस दोन संपर्क लागतात. नकली घड्याळात बोट कोठेही न टेकवता हिरवी रेघ धावू लागते. ती रुग्णाच्या हृदयाची नसून आज्ञावलीत आधीच साठविलेले चित्र असते. छातीत दुखत असताना अशी रेघ पाहून ‘सर्व ठीक’ असे समजणे किती घातक ठरेल, ते सांगावयास नको. खरे घड्याळदेखील हृदयविकाराचा झटका ओळखू शकत नाही, असे त्याचा उत्पादकच सांगतो. तेव्हा छातीत दुखू लागल्यास मनगटाकडे न पाहता रुग्णालय गाठावे. रक्तातील प्राणवायूच्या आकड्याबाबतही तेच. अनेक नकली पट्ट्यांत तो मोजण्यास लागणारे लाल व अवरक्त प्रकाशाचे दिवेच नसतात. असतो तो फक्त हिरवा, आणि तरीही पडद्यावर ९७ किंवा ९८ उमटत राहतात.

केळ्याला किंवा गुंडाळलेल्या टॉवेलला पट्टा बांधून नाडी दाखवते का ते पाहण्याची युक्ती लोकप्रिय आहे. ती या कामी उपयोगाची नाही. प्रकाशाच्या परावर्तनावर चालणारे खरे पट्टेही कधीकधी अशा वस्तूंवर आकडा दाखवितात.

तक्रार कोठे करावी

दुकानदाराने किंवा ऑनलाइन विक्रेत्याने नकली माल दिला असेल तर प्रथम राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवावी. तेथे तोड न निघाल्यास ग्राहक संरक्षण अधिनियम, २०१९ अन्वये जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोगाकडे दोन वर्षांच्या आत दाद मागता येते. पाच लाखांपर्यंतच्या मालासाठी शुल्क नाही. व्यवसाय म्हणून विक्री न करणाऱ्या खासगी व्यक्तीकडून वापरलेले घड्याळ घेतले असेल, तर ग्राहक आयोगाचा मार्ग बहुधा बंद असतो. अशा प्रकरणी भारतीय न्याय संहितेच्या कलम ३१८ खाली फसवणुकीची तक्रार पोलीस ठाण्यात करावी लागते. वरच्या उदाहरणातील शिक्षकांनी पैसे दिले असते, तर त्यांची वाट हीच होती.

नकली व्यापारचिन्हाचा माल विकणे हा व्यापारचिन्ह अधिनियमाच्या कलम १०४ खाली गुन्हा आहे. त्यास सहा महिन्यांपासून तीन वर्षांपर्यंत कारावास आणि पन्नास हजारांपासून दोन लाख रुपयांपर्यंत दंड सांगितला आहे. असा माल अधिपत्राशिवाय जप्त करण्याचा अधिकार पोलीस उपअधीक्षक किंवा त्याहून वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यास आहे व तत्पूर्वी त्यांनी व्यापारचिन्ह निबंधकांचे मत घ्यावयाचे असते. त्यामुळे गावपातळीवर कोणी स्वतःच पालावरील माल उचलून नेणे कायद्यात बसत नाही. खोक्यावर आयातदार, किंमत वा महिना-वर्ष नसल्याची तक्रार मात्र वैधमापन शास्त्र यंत्रणेच्या निरीक्षकांकडे कोणीही करू शकतो.

तक्रारीसाठी घड्याळ, खोका, तार आणि पावती यांपैकी काहीही टाकून देऊ नये. पावती नसल्यास पैसे ज्या मार्गाने दिले त्या व्यवहाराचा क्रमांक आणि विक्रेत्याने पाठविलेले संदेश जपून ठेवावेत. पाठीवरील पिना, पांढऱ्या पडद्यावरील काळी पट्टी, बक्कलाची शिवण वा मुलामा आणि खोक्यावरील बारीक अक्षरे यांची छायाचित्रे शेजारी मोजपट्टी ठेवून, तक्रार देण्यापूर्वीच काढून घ्यावीत.